दोघांनी आपापलं मार्जिन लावलं की दोघांचंही नुकसान कसं होतं: डिचोलीचा कंदील आणि पणजीचं दुकान

डिचोलीचा एक कुंभार मातीचा जाळीदार कंदील घडवतो. पणजीत फोंतेन्हासच्या गल्लीत एक दुकान आहे, ते हा कंदील पर्यटकांना विकतं. कंदील घडवायला, भाजायला, रंगवायला आणि पणजीपर्यंत पोचवायला कुंभाराला ३०० रुपये खर्च येतो. दुकानात त्यावर ९०० ची चिठ्ठी लागते आणि महिन्याला २० कंदील जातात. दोघांचंही बरं चाललं आहे आणि कुणी कुणाला फसवत नाही. तरीही दोघे मिळून दर महिन्याला ४००० रुपये टेबलावर सोडून घरी जातात.

हे आकडे मी हिशेब सोपा व्हावा म्हणून धरले आहेत. माणसं कल्पित असली तरी व्यवहार अगदी रोजचा आहे.

हे ४००० कुठे हरवतात ते आधी पाहू. गिऱ्हाइकांचा कल असा धरू, की कंदील ११०० ला ठेवला तर एकही जात नाही आणि तिथून किंमत १० रुपयांनी उतरवली की महिन्याला एक गिऱ्हाईक वाढतं. म्हणजे ९०० ला २० कंदील जातात, ७०० ला ४०. आता घटकाभर समजा की कुंभार आणि दुकानदार हे दोघे भाऊ आहेत आणि गल्ला एकच आहे. ते किंमत काय ठेवतील? ९०० ला विकला तर एका कंदिलामागे ६०० सुटतात, २० कंदिलांचे १२,०००. ७०० ला विकला तर एकामागे ४०० सुटतात, पण कंदील ४० जातात आणि हातात १६,००० पडतात. त्याखाली उतरलं तर नफा पुन्हा घसरू लागतो. तेव्हा एकत्र कुटुंबाची किंमत ७०० ठरते. गिऱ्हाइकाला २०० रुपयांनी स्वस्त मिळतो आणि घराचा नफाही ४००० नी वाढतो.

पण हे भाऊ नाहीत. कुंभार घाऊक दर ठरवतो, दुकानदार त्या दरावर आपली किंमत ठरवतो. कुंभाराने कंदील ७०० ला दिला, तर दुकानदाराच्या दृष्टीने कंदिलाचा खर्चच ७०० आहे. मूळ खर्च ३०० होता याच्याशी त्याला काय देणंघेणं? ७०० खर्च धरून तो स्वतःला सगळ्यात फायद्याची किंमत काढतो, ती ९०० येते. २० कंदील, एकामागे २००, म्हणजे दुकानाला ४०००. कुंभाराला एकामागे ४०० प्रमाणे ८०००. दोघांची बेरीज १२,०००.

मधले ४००० दोघांपैकी कुणाच्याच खिशात गेलेले नाहीत. ते निर्माणच झाले नाहीत, कारण जे २० पर्यटक ७०० ला कंदील घ्यायला तयार होते ते ९०० ची चिठ्ठी बघून पुढे निघून गेले. कुंभाराने खर्चावर मार्जिन लावलं, दुकानदाराने त्या मार्जिनसकट आलेल्या दरावर आणखी मार्जिन लावलं. अर्थशास्त्रात याला डबल मार्जिनलायझेशन म्हणतात. जोसेफ स्पेंगलर या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने १९५० साली एका निबंधात ते नेमकेपणाने मांडलं. एकामागोमाग एक असे दोन विक्रेते, दोघांनाही किंमत ठरवायची ताकद, आणि दोघेही फक्त आपला गल्ला बघणारे, एवढं असलं की हा प्रकार घडतोच.

यातली गोम एका पायरीवर नीट दिसते. दुकानदार ९०० वर उभा आहे आणि विचार करतो की दहा रुपये उतरवून ८९० करावे का. मग २१ कंदील जातील, एकामागे १९० सुटतील, म्हणजे ३९९०. आधी ४००० सुटत होते. दहा रुपयांचा तोटा, म्हणून तो किंमत हलवत नाही, आणि त्याच्या जागी आपणही हलवली नसती. पण तो एकविसावा कंदील गेला असता तर कुंभाराला ४०० रुपये सुटले असते. दुकानदाराने स्वतःचे दहा रुपये सोसले असते तर दुसऱ्याचे चारशे झाले असते. ते चारशे त्याच्या वहीत कुठेच दिसत नाहीत, म्हणून त्याच्या निर्णयातही येत नाहीत. कुणाचा हावरेपणा नाही, मूर्खपणा नाही. दोन वह्या वेगळ्या आहेत, एवढंच.

मग कुंभारानेच दर का उतरवू नये? उतरवून बघा. ७०० ऐवजी ६०० ला दिला तर दुकानदार ८५० ची चिठ्ठी लावेल, २५ कंदील जातील. दुकानाला एकामागे २५०, म्हणजे ६२५०. कुंभाराला एकामागे ३००, म्हणजे ७५००. बेरीज १३,७५० झाली, पण कुंभाराचे ८००० वरून ७५०० झाले. वाढ झाली ती सगळी दुकानदाराच्या पदरात पडली आणि वर कुंभाराचे पाचशे गेले. नुसता दर कमी-जास्त करून हा पेच सुटत नाही. दर उतरवला की नफा सरकतो, चढवला की विक्री मरते. एका आकड्यावर दोन कामं टाकली आहेत: दुकानदाराने किती किंमत लावावी हेही त्यानेच ठरायचं आणि नफा कुणाला किती हेही त्यानेच. ही दोन कामं वेगळी केली तरच काही होईल.

विक्रीतल्या वाट्याचा करार, म्हणजे रेव्हेन्यू शेअरिंग, नेमकं हेच करतो. त्यात आकडे दोन असतात. माल उचलताना दुकानदार एक आगाऊ दर देतो, आणि माल विकल्यावर जी किंमत आली तिचा ठरलेला हिस्सा कुंभाराला देतो.

समजा ठरलं की विक्रीच्या पैशातले ४० टक्के दुकानाचे, ६० टक्के कुंभाराचे. आता आगाऊ दर किती असावा? इथे सगळी चावी आहे, आणि ती ऐकायला विचित्र वाटते: खर्चाच्या ४० टक्के. कंदिलाचा खर्च ३००, म्हणून आगाऊ दर १२०. कुंभार आपला माल खर्चाच्याही खाली, निम्म्याहून कमी दराने देतो. डिचोलीतल्या कुठल्याही कुंभारासमोर हा आकडा ठेवला तर तो आधी आपल्याकडे बघेल, मग म्हणेल, "तीनशेचा माल एकशेवीसला? माझं डोकं फिरलंय का भाऊ?"

म्हणून त्याच्यासमोर वही उघडून बसावं लागतं. दुकानदाराला विक्रीचे ४० टक्केच मिळतात आणि खर्चही ४० टक्केच पडतो. जमा आणि खर्च दोन्ही एकाच प्रमाणात आकसले, तर उरणारा नफाही त्याच प्रमाणात आकसतो. म्हणजे दुकानदाराचा नफा आता कायम एकत्रित नफ्याच्या ४० टक्के असतो, त्याने किंमत कुठलीही लावो. मग स्वतःचा नफा जास्तीत जास्त करायचा तर त्याला एकत्रित नफाच जास्तीत जास्त करावा लागतो. आपण होऊन, कुणी न सांगता, तो ७०० ची चिठ्ठी लावतो.

पडताळा घेऊ. ७०० ला ४० कंदील. दुकानाला एकामागे विक्रीतले २८० येतात, त्यातले १२० आधीच दिलेले, सुटले १६०. चाळीस कंदिलांचे ६४००. कुंभाराला आगाऊ १२० आणि विक्रीतले ४२०, म्हणजे ५४०; खर्च ३०० वजा जाता २४०. चाळीसांचे ९६००. बेरीज बरोबर १६,०००. दुकानदाराचे ४००० होते ते ६४०० झाले, कुंभाराचे ८००० होते ते ९६०० झाले, आणि पर्यटकाला कंदील दोनशेने स्वस्त मिळाला. ३०० चा माल १२० ला देणारा कुंभार आधीपेक्षा १६०० नी वर आहे.

सूत्र एका ओळीत मावतं:

```
आगाऊ दर = दुकानाचा वाटा × कंदिलाचा खर्च
```

या सूत्रात काय नाही ते बघा. गिऱ्हाईक किती, किंमत चढवली तर किती पळतात, यातलं काहीही नाही. कुंभाराला पणजीचा बाजार कळायची गरज नाही. तो दुकानदाराला कळतो आणि किंमत त्यानेच ठरवायची आहे. करारात फक्त खर्च आणि वाटा लागतो. या कराराची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच आहे.

आता वाटा ४० टक्केच का, असा प्रश्न येईल. त्यात पवित्र असं काही नाही. दुकानाचा वाटा ३० टक्के ठेवा, आगाऊ दर ९० होईल. ४५ ठेवा, १३५ होईल. दरवेळी किंमत ७०० वरच येते आणि एकूण नफा १६,००० च राहतो. भाकरी तेवढीच राहते, फक्त सुरी कुठे फिरवायची ते ठरतं. पण सुरी कुठेही फिरवता येत नाही. दुकानदाराला जुन्या पद्धतीत ४००० मिळत होते, तेवढे तरी मिळायला हवेत. १६,००० मधले ४००० म्हणजे २५ टक्के. त्याखाली तो करार करणार नाही. कुंभाराला ८००० मिळत होते, म्हणजे निम्मे. म्हणून दुकानाचा वाटा ५० टक्क्यांच्या वर गेला की कुंभार उठून जाईल. घासाघीस होईल ती २५ ते ५० या पट्ट्यात. कुठे थांबेल ते कुणाला कुणाची जास्त गरज आहे यावर अवलंबून. दुकानदाराकडे कंदील देणारे आणखी तिघे असतील तर पन्नासच्या जवळ. कुंभाराकडे म्हापशाहून, मडगावहून मागणी येत असेल तर पंचविशीच्या जवळ. आधी नफा वाढवण्याचं आणि वाटण्याचं काम एकाच आकड्यावर होतं. आता आगाऊ दर वाट्याला बांधून टाकला की वाटणी हवी तशी करता येते आणि विक्रीला धक्का लागत नाही.

सगळ्यात मोठी चूक होते ती दोनपैकी एकच आकडा उचलल्याने. आपल्याकडे जाकडावर माल ठेवायची रीत जुनी आहे: दुकानदार आधी काहीच देत नाही, विकलं की आपली टक्केवारी कापून उरलेले पैसे देतो, न विकलेलं परत. बऱ्याच जणांना वाटतं की हेच रेव्हेन्यू शेअरिंग. पण इथे आगाऊ दर शून्य आहे, आणि त्याने गणित पार बिघडतं. वाटा तोच, ४० टक्के, आणि किंमत दुकानदाराने ठरवायची असं धरा. त्याला कंदिलाचा खर्च काहीच नाही, म्हणून त्याला गल्ला जितका मोठा तितकं बरं. गल्ला सगळ्यात मोठा होतो ५५० ला: ५५ कंदील, ३०,२५० रुपये. त्यातले १२,१०० दुकानाचे. कुंभाराला १८,१५० मिळाले, पण ५५ कंदील घडवायला १६,५०० गेले. हातात १६५० राहिले. आधी ८००० होते! भट्टी जास्त पेटली, हात जास्त दुखले, गिऱ्हाइकांनी वाहवा केली, आणि घरी आले सोळाशे पन्नास.

म्हणून जाकडात कुंभार हट्टाने म्हणतो, "किंमत मी लावणार." ते शहाणपणाचं आहे, पण तेवढ्याने दोष जात नाही. आता प्रत्येक रुपयातले ४० पैसे दुकानात जातात हे धरून तो किंमत लावतो, आणि त्याला सगळ्यात फायद्याची किंमत ८०० येते. ३० कंदील जातात, त्याला ५४०० सुटतात, दुकानाला ९६००. बेरीज १५,०००. दुहेरी मार्जिन मागच्या दाराने परत आलं, फक्त या वेळी कमिशनच्या वेषात. हॉटेलचं जेवण घरपोच देणाऱ्या ॲपवर तोच पदार्थ महाग का दिसतो, त्याचं एक कारण या हिशेबात आहे.

उलट्या बाजूची चूकही होते. कुंभार म्हणतो, "खर्चाचे तीनशे आधी दे, वर विक्रीतले साठ टक्के दे." कानाला रास्त वाटतं, खर्च निघाला आणि मग वाटणी. पण दुकानदाराला ४० टक्क्यांत ३०० ची भरपाई करायची, म्हणजे त्याच्या दृष्टीने कंदिलाचा खर्च ७५० झाला. तो ९२० किंवा ९३० ची चिठ्ठी लावेल, १७-१८ कंदील विकेल आणि त्याला बाराशेच्या आसपास मिळतील. तो अशा करारावर सही करणारच नाही, आणि केली तर विक्री जुन्या पद्धतीपेक्षाही कमी होईल. दोन्ही आकडे एकमेकांशी जुळलेले असणं हाच सगळा खेळ आहे.

एक बारीक दुरुस्ती इथेच करून टाकू. दुकानालाही कंदिलामागे खर्च असतो: खोका, कागदाचा भुसा, कार्डमशीनचे पैसे. समजा तो ५० रुपये आहे आणि दुकानदारच करतो. तेव्हा एकूण खर्च ३५० झाला. त्याचे ४० टक्के १४०. यातले ५० दुकानदार आधीच स्वतः सोसतो आहे, म्हणून त्याने कुंभाराला द्यायचे उरले ९०. म्हणजे दुकानाचा खर्च आगाऊ दरातून वजा करायचा, त्याच्या वाट्यातून नाही. यातून एक गमतीची स्थिती येते: दुकानाचा वाटा फारच कमी ठेवला, समजा १० टक्के, तर त्याच्या वाट्याचा खर्च ३५ आणि तो सोसतो ५०, म्हणजे माल देऊन वर कुंभारानेच त्याला १५ रुपये द्यायचे. कागदावर बरोबर आहे. प्रत्यक्षात असा करार करताना कुणी दिसणार नाही.

एवढं सगळं करण्यापेक्षा सोपा उपाय नाही का? आहे, निदान दोन आहेत.

पहिला छापील किमतीचा. पाकीटबंद मालावर कमाल किंमत छापावी लागते आणि दुकानदाराला तिच्या वर जाता येत नाही. कोकम आगळाची बाटली घ्या किंवा काजूचं पाकीट, दुकानदाराने मनमानी मार्जिन चढवायची वाट तिथे बरीचशी बंद असते. कंदिलावर कुंभाराला ७०० छापता आले असते आणि त्याने तो ५४० ला दिला असता, तर दुकानाला १६० सुटले असते, ४० कंदील गेले असते, आणि हिशेब वरच्या करारासारखाच तंतोतंत जुळला असता. पण मातीचा सुटा कंदील पाकीटबंद नाही, त्यावर दुकानदार लावेल ती चिठ्ठी. दुसरा उपाय ठोक रकमेचा: कुंभाराने कंदील खर्चाला, म्हणजे ३०० ला द्यायचा आणि दर महिन्याला ९६०० ठोक घ्यायचे. दुकानदाराचा खर्च ३०० झाला की तोही ७०० चीच चिठ्ठी लावतो.

दोन्ही उपाय जानेवारीत उत्तम चालतात. जुलैत बघा. पावसाळ्यात पर्यटक ओसरतात. समजा गिऱ्हाईक इतकं पडलं की ६०० ला एकही कंदील जात नाही आणि तिथून दर दहा रुपयांना एक वाढतो. अशा महिन्यात एकत्र कुटुंबाने किंमत ४५० ठेवली असती, १५ कंदील गेले असते, २२५० सुटले असते. विक्रीतल्या वाट्याच्या करारात दुकानदार स्वतःहून ४५० वर येतो, कारण त्याला १२० लाच कंदील पडतो. त्याला ९०० मिळतात, कुंभाराला १३५०. कुणी कुणाला फोन केला नाही, दर बदलून मागितला नाही. ५४० च्या घाऊक दरावर मात्र दुकानदार ५७० च्या खाली जायला तयार नसतो आणि तीन कंदील विकतो. ठोक रकमेच्या करारात तो ४५० वर येतो खरा, पण ९६०० चा हप्ता देऊन ७३५० नी खड्ड्यात जातो. दुसऱ्या पावसाळ्याआधी तो करार मोडेल. गोव्यासारख्या हंगामी धंद्यात ठोक रक्कम हे भाड्यासारखं असतं, ती पाऊस बघत नाही. वाटा पाऊस बघतो. न विकलेल्या कंदिलाचंही तसंच: तो दुकानात फुटला किंवा पडून राहिला तर १२० दुकानाचे गेले, १८० कुंभाराचे. तोटाही त्याच चाळीस-साठच्या प्रमाणात.

हा करार जगभर गाजला तो अमेरिकेतल्या व्हिडिओ कॅसेटच्या धंद्यात. ब्लॉकबस्टर या साखळीची दुकानं चित्रपटांच्या कॅसेट भाड्याने देत. नव्या चित्रपटाची एक कॅसेट दुकानाला साधारण ६५ डॉलरला पडे. भाडं तीनेक डॉलर धरलं, तर नुसती खरेदी वसूल व्हायला ती २२ वेळा भाड्याने जायला हवी. आणि चित्रपटाची चलती तर पहिले काही आठवडे. म्हणून दुकानं मोजक्या कॅसेट घेत आणि लोक नवा चित्रपट मागून हात हलवत परत जात. कॅसेटची प्रत काढायला मात्र स्टुडिओला फारच थोडा खर्च येई. १९९८ पासून करार बदलले: आगाऊ साधारण ८ डॉलर आणि भाड्यातला अंदाजे ३० ते ४५ टक्के वाटा स्टुडिओला. दुकानाकडे साठ टक्के राहिले तर पाच वेळा भाड्याने गेली की कॅसेट सुटली. दुकानांनी एकेका चित्रपटाच्या कितीतरी जास्त प्रती ठेवल्या. इथे प्रश्न किमतीचा नव्हता, किती प्रती मागवायच्या याचा होता; पण आजार तोच होता आणि औषधही तेच. २००५ मध्ये जेरार्ड कशॉन आणि मार्टिन लारिव्हिएर या दोघांनी या कराराचं पूर्ण गणित मांडलं आणि त्याच्या मर्यादाही तितक्याच मोकळेपणाने सांगितल्या. त्यातल्या काही आपल्या कंदिलालाही लागू पडतात.

पहिली मर्यादा विश्वासाची, आणि ती दोन्ही बाजूंनी आहे. दुकानदाराने एक विक्री लपवली तर ७०० मधले कुंभाराचे ४२० त्याच्या खिशात राहतात. किती कंदील गेले ते लपवणं अवघड असतं, कारण दिलेले वजा शिल्लक एवढं महिन्याकाठी जाऊन मोजता येतं. लपते ती किंमत. ७०० ला विकून ६०० लिहिलं की दर कंदिलामागे ६० रुपये सुटले. फुटले म्हणून सांगितलेले कंदील हा दुसरा चोरदरवाजा. तुकडे ठेवून द्यायची अट घातली की तो बराचसा बंद होतो. बिलं कॉम्प्युटरवर निघतात की कच्च्या चिठ्ठीवर, हे करार करण्याआधी बघावं. आणि "विक्री" म्हणजे जीएसटी धरून की वगळून, पर्यटकाला दिलेली सूट आधी वजा करायची की नंतर, हे शब्दात लिहून घ्यावं. भांडणं टक्केवारीवरून होत नाहीत, टक्के कशाचे यावरून होतात.

दुसऱ्या बाजूने कुंभारालाही मोह आहे, आणि हे सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. आगाऊ दर खर्चावर ठरतो, आणि खर्च खरा किती ते फक्त त्याला माहीत. त्याने ३०० ऐवजी ४०० सांगितले तर आगाऊ दर १६० होईल. दुकानदार ७५० ची चिठ्ठी लावेल, ३५ कंदील जातील. कुंभाराचा नफा ९६०० वरून १०,८५० होईल. एकूण नफा फक्त २५० नी घटेल, पण दुकानदाराचे ६४०० चे ४९०० होतील. म्हणून दुकानदाराने माती, लाकूडफाटा, रंग आणि टेंपोचं भाडं यांचा ढोबळ अंदाज स्वतः काढलेला असावा. खर्च खरोखर वाढला तर दरही वाढायलाच हवा, नाहीतर दुकानदार गरजेपेक्षा स्वस्त विकत सुटेल.

रोख पैशाची अडचणही आहे. जुन्या पद्धतीत कुंभाराला माल देताच ७०० मिळत होते. आता १२० मिळतात आणि ४२० कंदील विकल्यावर. चाळीस कंदिलांचा खर्च १२,०००, आगाऊ आले ४८००. उरलेले ७२०० त्याला स्वतः घालावे लागतात, तेही हंगामाच्या तोंडावर. ज्याच्याकडे एवढी बेगमी नाही त्याला करार कागदावर कितीही गोड दिसला तरी पेलवत नाही. पंधरवड्याला हिशेब आणि त्याच दिवशी पैसे, अशी अट असेल तर भार हलका होतो.

आणि गल्लीत तोच कंदील आणखी चार दुकानांत मिळत असेल, तर आधी हा आजार आहे का तेच तपासावं. शेजाऱ्याशी चुरस असल्यावर दुकानदार मार्जिन फार चढवू शकत नाही, मग मिटवायला दुहेरी मार्जिनच उरत नाही. ओळखायची खूण सोपी: कंदील ९०० चा ८५० केला तर दुकानदाराचा नफा जवळजवळ तेवढाच राहतो आणि कुंभाराचा भरपूर वाढतो, असं असेल तर करार करण्यात अर्थ आहे.

मात्र एक गोष्ट करारावर बोलायला बसण्याआधीच विचारावी, ती म्हणजे दुकानातल्या जागेची. जुन्या पद्धतीत दुकानदाराला एका कंदिलामागे २०० सुटत होते. नव्या करारात ४० टक्के वाट्यावर १६० सुटतात, ४५ वर १८०. पट्ट्याच्या अगदी वरच्या टोकाला, ५० टक्क्यांवर, बरोबर २०० होतात, आणि तिथे कुंभाराला काहीच जादा मिळत नाही. म्हणजे नगामागे दुकानदाराचं मार्जिन कधीच वाढत नाही. त्याची सगळी कमाई नग दुप्पट जाण्यात आहे. दारातल्या फळीवर शंखांच्या माळा, टाइल्स आणि कंदील जागेसाठी भांडत असतील, किंवा काउंटरवरची मुलगी एका वेळी एकाच गिऱ्हाइकाला समजावू शकत असेल, तर ती नगामागे जास्त मार्जिनचीच वस्तू पुढे करणार. आणि फळीवर महिन्याला वीसच कंदील मावत असतील तर ७०० च्या चिठ्ठीचा उपयोगच नाही, वीस तर ९०० लाही जातात.